अपडेट झालं आणि रेंज गेली

24 सप्टेंबर 2014 रोजी ॲपलने आयफोनसाठी आयओएस 8.0.1 हे छोटं अपडेट सोडलं. आधीच्या आवृत्तीतल्या काही चुका दुरुस्त करायच्या, एवढाच त्याचा हेतू होता. पण जेमतेम पाच दिवसांपूर्वी विक्रीला आलेल्या आयफोन 6 आणि 6 प्लसवर ते चढलं आणि वरच्या पट्टीत `No Service` अशी अक्षरं उमटली. फोन चालू, सिम जागेवर, टॉवर शेजारी, पण फोन लागेना. साधारण तासाभरात कंपनीने अपडेट मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी 8.0.2 दिलं. चाळीस हजारांहून कमी फोनना फटका बसला, असं कंपनीने तेव्हा जाहीर केलं.

अशी घाऊक चूक क्वचितच होते. नेहमीची तक्रार वेगळी असते. तेच अपडेट शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या फोनवर व्यवस्थित चालतं आणि आपल्याच फोनची रेंज जाते. अशा वेळी सहसा फोन बिघडलेला नसतो आणि सिमही नसतं. आपल्या मोबाइल कंपनीशी कसं जोडायचं, ही फोनमध्ये लिहिलेली माहिती अपडेटच्या धांदलीत बदललेली किंवा पुसलेली असते. ती पुन्हा भरता येते, तीही घरबसल्या आणि फुकट. मात्र आधी नेमकं काय गेलं ते ओळखायला हवं. ‘नेटवर्क गेलं’ असं आपण म्हणतो तेव्हा तीनपैकी एक बिघाड झालेला असतो आणि तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

फोन टॉवरशी तीनदा जोडला जातो

फोन सुरू झाला की आतला मोडेम आधी आसपासचे टॉवर धुंडाळतो आणि सिमवरचा क्रमांक वाचतो. प्रत्येक सिमवर एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. भारतातल्या सिमवर त्याची सुरुवात 404 किंवा 405 ने होते आणि पुढच्या दोन-तीन आकड्यांवरून कंपनी आणि तिचं सर्कल कळतं. 404 66 म्हणजे बीएसएनएलचं महाराष्ट्र सर्कल. हा क्रमांक जुळणारा टॉवर सापडला, कंपनीने सिमची खातरजमा केली की नोंदणी होते आणि फोनवर रेंजचे दांडे दिसू लागतात. ही पहिली पायरी.

दांडे दिसले म्हणजे इंटरनेट मिळालंच असं नाही. इंटरनेटकडे जाण्यासाठी कंपनीच्या कोणत्या दारातून जायचं, हे फोनला ठाऊक असावं लागतं. त्या दाराच्या नावाला एपीएन म्हणतात. नाव चुकलं तर दांडे पूर्ण असूनही एक पान उघडत नाही. ही दुसरी पायरी.

तिसरी पायरी बोलण्याची. 4जीवर आवाजही डेटाच्याच रूपात जातो. त्याला आपल्याकडे व्होल्टी म्हणतात. त्यासाठी फोनला कंपनीच्या आयएमएस नावाच्या वेगळ्या यंत्रणेत आणखी एक नोंदणी करावी लागते. ती झाली नाही आणि कंपनीकडे 2जी-3जीचा आसराही नसेल, तर इंटरनेट धावतं, व्हॉट्सॲप चालतं, पण साधा फोन येत नाही आणि जात नाही.

अपडेट नेमकं काय हलवतं?

आपल्याला अपडेट म्हणजे नवे आयकॉन आणि सुरक्षेची डागडुजी एवढंच दिसतं. प्रत्यक्षात त्या फाइलमधून बऱ्याचदा आणखी दोन गोष्टी येतात.

पहिली गोष्ट म्हणजे मोडेमचं स्वतःचं सॉफ्टवेअर. मोडेम हा फोनमधल्या पोटभाडेकरूसारखा असतो. घर तेच, पण त्याची चूल वेगळी. अँड्रॉइड एका ठिकाणी आणि मोडेमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या ठिकाणी साठवलेलं असतं. अपडेटमध्ये दोन्ही बदलली आणि मोडेमचा भाग नीट लिहिला गेला नाही, तर अँड्रॉइड झकास चालतं, पण रेडिओ मुका होतो. फोनची सगळी ॲप उघडत असताना रेंज मात्र शून्य कशी, या कोड्याचं उत्तर इथे असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइल कंपन्यांची माहिती. जगभरच्या शेकडो कंपन्यांचे एपीएन, कोणाकडे व्होल्टी आहे, कोणाच्या 5जीला परवानगी द्यायची, याच्या याद्या फोनमध्ये आधीपासून भरलेल्या असतात. या याद्यांचं वजन किती, हे 2022 साली भारतात दिसलं. देशात 5जी सेवा 1 ऑक्टोबरला सुरू झाली. आयफोन 12 पासूनच्या फोनमध्ये 5जीचा रेडिओ होताच, तरीही इथल्या आयफोनधारकांना 5जी मिळालं ते डिसेंबरमध्ये आयओएस 16.2 आल्यावर. यंत्र तेच, टॉवर तेच. फक्त परवानगीची नोंद यायची होती. अपडेट जसं एखादी सेवा उघडतं, तसं चुकीच्या नोंदीने ती बंदही करू शकतं.

अँड्रॉइडमध्ये एपीएनच्या यादीचं काय होतं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. अपडेटनंतर फोन पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा सिस्टिमची आवृत्ती बदललेली त्याला कळते. मग तो यादीतल्या मूळ नोंदी पुसतो आणि नव्या फाइलमधून पुन्हा भरतो. आपण हाताने घातलेल्या नोंदींना तो हात लावत नाही. आधी निवडलेली नोंद कोणती होती, हे लक्षात ठेवून नव्या यादीत तिची जोडीदार शोधतो. जोडीदार सापडली तर काहीच जाणवत नाही. पण कंपनीची नोंद नव्या फाइलमध्ये थोडी बदललेली असेल, किंवा कधीकाळी आपण स्वतः घातलेली जुनी नोंद मध्ये लुडबुडत असेल, तर निवड भलत्याच नोंदीवर जाते किंवा कुठेच राहत नाही. शेजाऱ्याचा फोन चालतो आणि आपला नाही, याचं एक मोठं कारण हेच. त्याने यादीत कधी बोट घातलेलं नसतं.

आधी निदान

कोणतंही सेटिंग बदलण्याआधी फोन पूर्ण बंद करा, सिम काढून पुन्हा बसवा आणि फोन सुरू करा. बऱ्याच अपडेटनंतर मोडेमला एका स्वच्छ सुरुवातीची गरज असते आणि एवढ्यानेच काम होऊन जातं.

नाही झालं, तर आपलं सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि दुसऱ्याचं चालू सिम आपल्या फोनमध्ये घाला. आपलं सिम तिकडे चाललं आणि इकडे दुसरं सिमही अडलं, तर दोष फोनचा. आपलं सिम तिकडेही चाललं नाही आणि त्यांचं सिम इथे चाललं, तर अपडेटचा संबंध नाही. सिम किंवा खात्याची अडचण आहे. दोन्ही सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतात, आपल्या फोनमध्ये मात्र फक्त आपलंच अडतं, असं असेल तर फोनमधली आपल्या कंपनीची नोंद बिघडली आहे. अपडेटनंतरच्या तक्रारींत हा प्रकार पुष्कळदा आढळतो.

मग वरची पट्टी वाचा. `No service` किंवा `Emergency calls only` दिसत असेल तर पहिली पायरी अडली आहे. दांडे आहेत, साधा फोन लागतो, पण 4जी-5जीचं चिन्ह नाही आणि पान उघडत नाही, तर दुसरी. इंटरनेट चालतं, पण फोन लागत नाही, तर तिसरी. हे तपासताना वाय-फाय बंद ठेवा, नाहीतर घरच्या इंटरनेटवर चाललेलं व्हॉट्सॲप पाहून मोबाइल डेटा ठीक असल्याचा समज होतो.

टॉवरच सापडत नसेल तर

सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कच्या पानावर `Preferred network type` नावाची ओळ असते. अपडेटनंतर ती कधीकधी एखाद्या अरुंद पर्यायावर अडकलेली सापडते. देशातल्या कंपन्या सगळ्या पिढ्यांची सेवा देत नाहीत. जिओने 5 सप्टेंबर 2016 रोजी सेवा सुरू केली ती थेट 4जीवर. तिच्याकडे 2जी आणि 3जी कधी नव्हतंच. एअरटेलने 2020 मध्ये 3जी गुंडाळलं. त्यामुळे ही ओळ 3जीवर अडकली, तर फोन नसलेल्या टॉवरचा शोध घेत बसतो. 5जी, 4जी, 3जी, 2जी असे सगळे असलेला, शेजारी `auto` लिहिलेला पर्याय निवडावा.

त्यानेही काही हललं नाही, तर त्याच पानावरचं `Automatically select network` बंद करून फोनला आसपासची नेटवर्क शोधू द्या. एक-दोन मिनिटं लागतात. या यादीवरून बरंच कळतं. यादीत तीन-चार कंपन्यांची नावं आली, तर मोडेम आणि अँटेना ठणठणीत आहेत. आपल्या कंपनीचं नाव निवडून पाहा आणि नोंदणी झाली की पर्याय पुन्हा स्वयंचलितवर आणून ठेवा, नाहीतर पुढच्या प्रवासात पंचाईत होईल. नावं आली पण आपली कंपनी नोंदणी नाकारते आहे, तर अडचण सिमच्या खात्यात किंवा फोनच्या ओळखक्रमांकात आहे. आणि गावात चार टॉवर असताना यादी पूर्ण कोरी आली, तर मोडेम बोलतच नाही, असं समजावं.

अशा वेळी डायल पॅडवर हे टाइप करा:

```
*#06#
```

प्रत्येक सिमच्या खोबणीसाठी एक 15 आकडी आयएमईआय दिसायला हवा. तिथे शून्यं, `null` किंवा कोरी जागा दिसली, किंवा `About phone` मध्ये `Baseband version` समोर `Unknown` लिहून आलं, तर मोडेमचं सॉफ्टवेअर किंवा त्याची जपून ठेवलेली ओळख अपडेटमध्ये बिघडली आहे. याला घरी उपाय नाही. फॅक्टरी रीसेटने फोटो जातील, पण आयएमईआय परत येणार नाही, कारण तो रीसेट त्या भागाला हातच लावत नाही. फोन अधिकृत सेवा केंद्रात न्या. बाजारात शे-पाचशे रुपयांत नवा आयएमईआय लिहून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. दूरसंचार कायदा, 2023 नुसार असा ओळखक्रमांक बदलणं हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. आयएमईआय दिसतो आहे, पण तो खरा आणि चालू आहे का हे पाहायचं असेल, तर 14422 या क्रमांकावर `KYM`, मग एक जागा सोडून 15 आकडी आयएमईआय, असा एसएमएस दुसऱ्या फोनवरून पाठवता येतो.

दांडे आहेत, इंटरनेट नाही

इथे एपीएन तपासायचं. मोबाइल नेटवर्कच्या पानावर आपलं सिम निवडलं की `Access Point Names` अशी ओळ सापडते. यादी उघडल्यावर एखाद्या नोंदीसमोरचं वर्तुळ भरलेलं आहे का, ते आधी पाहा. यादीत नोंद आहे पण एकही निवडलेली नाही, अशी अवस्था अपडेटनंतर हमखास सापडते. योग्य नोंदीवर बोट ठेवलं की काम होतं.

यादी गोंधळलेली दिसली, तर वरच्या तीन ठिपक्यांत `Reset to default` असतं. त्याने आपल्या हातच्या नोंदी पुसल्या जातात आणि फोनच्या फाइलमधल्या मूळ नोंदी परत येतात. लुडबुड करणाऱ्या जुन्या नोंदीवर हा रामबाण उपाय आहे. मूळ फाइलमध्येच आपली कंपनी नसेल, तेव्हाच नवी नोंद हाताने करावी लागते. परदेशातून आणलेल्या फोनवर हे अनेकदा दिसतं. दुबईहून किंवा अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या फोनचं सॉफ्टवेअर तिकडच्या बाजारपेठेसाठी बनवलेलं असतं आणि त्याच्या अपडेटमध्ये भारतीय कंपन्यांच्या नोंदी पूर्ण असतीलच, असं नाही.

नवी नोंद करताना भरायचं फार थोडं असतं. बीएसएनएलसाठी ती अशी दिसेल:

```
Name: BSNL
APN: bsnlnet
APN type: default,supl
APN protocol: IPv4/IPv6
```

जिओसाठी एपीएनच्या रकान्यात `jionet`, एअरटेलसाठी `airtelgprs.com` आणि व्हीआयसाठी `www` लिहायचं. प्रॉक्सी, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड हे रकाने कोरेच ठेवा.

तीन ठिकाणी माणसं हमखास फसतात. पहिलं म्हणजे मोठी अक्षरं आणि मध्ये सुटलेली जागा. एपीएन छोट्या अक्षरांत आणि सलग लिहावं; फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि शब्दानंतर जागा सोडतो, तिकडे लक्ष असू द्या. दुसरं म्हणजे `MCC` आणि `MNC` हे दोन रकाने. ते सिमवरून आपोआप भरलेले असतात. इंटरनेटवर सापडलेल्या एखाद्या यादीतून दुसऱ्या सर्कलचे आकडे तिथे टाकले, तर नोंद जतन होते, पण यादीतून गायब होते. फोन फक्त सिमशी जुळणाऱ्या नोंदीच दाखवतो. तिसरं म्हणजे जतन करणं. मागे जाण्याच्या बाणावर भरवसा न ठेवता तीन ठिपक्यांतून `Save` दाबा आणि मग नव्या नोंदीसमोरचं वर्तुळ निवडा. शेवटी एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद करा, म्हणजे फोन नव्या दारावर थाप मारेल.

यादीत `ims` असं एपीएन असलेली नोंद दिसली, तर तिला धक्का लावू नका. ती इंटरनेटसाठी नाही, बोलण्यासाठी आहे.

इंटरनेट आहे, फोन लागत नाही

तीन बिघाडांत हा सर्वात फसवा, कारण वरकरणी सगळं ठीक दिसतं. कराडच्या एका औषध दुकानदाराच्या फोनची गोष्ट घेऊ. फोनमध्ये दोन सिम. पहिलं फक्त 4जी-5जी चालवणाऱ्या कंपनीचं. गिऱ्हाइकांना माहीत असलेला नंबर तोच. दुसरं अशा कंपनीचं, जिचं 2जी अजून चालू आहे. रात्री अपडेट झालं. सकाळी यूपीआयचे पैसे येत होते, व्हॉट्सॲपवर औषधांच्या चिठ्ठ्या येत होत्या, वर 4जीचं चिन्ह आणि भरपूर दांडे होते. पण दुपारपर्यंत एकही फोन आला नाही. एका गिऱ्हाइकाने दुकानात येऊन विचारलं, “काका, फोन का बंद ठेवलाय?”

पहिल्या सिमवरून फोन लावला की काही सेकंद शांतता आणि मग कॉल आपोआप बंद. दुसऱ्या सिमवरून फोन लागत होता, पण बोलणं चालू असेपर्यंत वरचं 4जी जाऊन तिथे `E` दिसायचं आणि इंटरनेट थांबायचं. हे छोटं अक्षर महत्त्वाचं. दुसऱ्या सिमचं व्होल्टीही बंदच होतं, पण त्याला 2जीचा आसरा होता. कॉलपुरता फोन खाली उतरायचा आणि बोलणं उरकून पुन्हा 4जीवर चढायचा. पहिल्या सिमला खाली उतरायला जागाच नव्हती. म्हणजे बिघाड एकच, पण एका कंपनीच्या सिमवर तो फोन बंद पाडतो आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फक्त इंटरनेट अडखळल्यासारखं वाटतं.

पहिलं सिम मुलाच्या फोनमध्ये घातलं तेव्हा तिकडे फोन लागला. सिम सुटलं. मग दुकानदाराच्या फोनवर अँड्रॉइडचं तपासणीचं पान उघडलं:

```
*#*#4636#*#*
```

शेवटची चांदणी टाइप होताच पान उघडतं. हिरवं बटण दाबावं लागत नाही. काही कंपन्यांनी ते आपल्या फोनमध्ये बंद ठेवलं आहे, त्यामुळे सगळीकडे ते दिसेलच असं नाही. इथे उघडलं. `Phone information`, मग तीन ठिपके, मग `IMS Service Status`. समोर आलं:

```
IMS Registration: Not Registered
Voice over LTE: Unavailable
```

तिसरी पायरीच अडली होती. सेटिंगमध्ये दुसऱ्या सिमचं व्होल्टीचं बटण बंद सापडलं. ते चालू करताच मिनिटाभरात त्या सिमची नोंदणी झाली आणि कॉल चालू असतानाही 4जी टिकून राहिलं. या बटणाला वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळी नावं असतात: `VoLTE calls`, `Use VoLTE`, `4G Calling`. पहिल्या सिमचं बटण मात्र आधीपासून चालू होतं. ते बंद करून पुन्हा चालू केलं, फोन बंद-चालू केला, तरी उत्तर तेच: `Not Registered`. एपीएनच्या यादीत इंटरनेटची नोंद होती, पण `ims` ची नोंद नव्हती. बटण चालू होतं, पण त्यामागचं दार यादीतून गळून पडलं होतं. तेव्हा शेवटचा उपाय केला, नेटवर्क सेटिंग रीसेट. फोन पुन्हा सुरू झाला, यादीत `ims` परत आलं आणि तपासणीच्या पानावर `Registered` उमटलं. बदल्यात दुकानाच्या वाय-फायचा पासवर्ड पुन्हा घालावा लागला, एवढंच.

रीसेट करण्याआधी

नेटवर्क रीसेट आणि फॅक्टरी रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्कं लक्षात ठेवा. नेटवर्क रीसेटने फोटो, संपर्क, मेसेज, ॲप यांना काही होत नाही. जातात ते वाय-फायचे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोड्या आणि हाताने घातलेले एपीएन. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फाय-ब्लूटूथचं रीसेट आणि मोबाइल नेटवर्कचं रीसेट वेगळं केलेलं आहे. तिथे फक्त `Reset mobile network settings` निवडलं की पासवर्डही वाचतात. पिक्सेलमध्ये हे `System` खाली `Reset options` मध्ये आणि सॅमसंगमध्ये `General management` खाली `Reset` मध्ये सापडतं.

आयफोनवर आधी `Settings`, `General`, `About` हे पान वाय-फाय चालू ठेवून उघडा आणि थोडा वेळ थांबा. मोबाइल कंपनीची नवी माहिती आलेली असेल, तर तिथेच `Carrier Settings Update` अशी चौकट येते. ती स्वीकारली की झालं. चौकट आली नाही, तर `General` मधल्या `Transfer or Reset iPhone` मध्ये `Reset` आणि मग `Reset Network Settings`.

ई-सिम वापरणाऱ्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून वाचावं. अँड्रॉइडच्या रीसेटच्या पानावर बऱ्याचदा `Erase eSIMs` असा एक चौकोन असतो. त्यात खूण राहिली, तर ई-सिमच पुसलं जातं आणि ते पुन्हा घेण्यासाठी कंपनीकडे जावं लागतं. साधं सिम काढून पुन्हा घालता येतं. ई-सिमला ती सोय नाही.

जिथे हे उपाय थांबतात

निदानात सिमच दोषी ठरलं, तर घाईने नवं सिम घेण्याआधी एक दिवसाचं गणित मांडा. सिम बदललं की त्या नंबरवर साधारण 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात. फसवणूक टाळण्यासाठी दूरसंचार विभागाने घातलेला हा नियम आहे. त्या दिवसात बँकेचा ओटीपी येणार नाही. भरणा, तिकीट, रुग्णालय अशी निकड असेल, तर आधी ती उरका.

आणखी एक शक्यता नजरेआड करू नये. अपडेट झालं त्याच दिवशी रेंज गेली, म्हणजे अपडेटमुळेच गेली असं नाही. आपलं सिम दुसऱ्या फोनमध्येही मेलेलं असेल आणि आपण नवं सिम मागितलेलंच नसेल, तर कोणीतरी आपल्या नावावर दुसरं सिम काढलेलं असू शकतं. अशा वेळी सेटिंगमध्ये वेळ न घालवता दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला, मग मोबाइल कंपनीला आणि पैसे गेले असतील तर 1930 ला फोन करा. उलट, ‘अपडेटनंतर तुमचं नेटवर्क बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो ठकसेनाचाच. नेटवर्क सेटिंग दुरुस्त करायला कोणत्याही ओटीपीची गरज पडत नाही.

सगळं करूनही रेंज आली नाही, आयएमईआय ठीक दिसतो आहे आणि त्याच मॉडेलच्या इतरांचीही हीच तक्रार आहे, तर दोष अपडेटमध्येच आहे. जुनी आवृत्ती परत चढवण्याचा सल्ला अशा वेळी मिळतो. तो बहुतेकांनी ऐकू नये. त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं आणि अनेक फोन जुन्या आवृत्तीला दारच उघडत नाहीत. दुरुस्तीचं अपडेट येईपर्यंत निकड पडली, तर `Emergency calls only` दिसत असतानाही 112 लागू शकतो, कारण आणीबाणीचा कॉल कोणत्याही कंपनीचा टॉवर उचलू शकतो. फोनला एकही टॉवर दिसत नसेल, तर मात्र तोही लागणार नाही.

पुढच्या अपडेटआधी दोन मिनिटं काढा. एपीएनची नोंद उघडून तिचा आणि मोबाइल नेटवर्कच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. अपडेट रविवारी दुपारी करा, सोमवारी सकाळी ओटीपीची वाट पाहताना नको. आणि रेंज गेलीच, तर दुकान गाठण्याआधी वरची पट्टी वाचा: टॉवर गेला, इंटरनेट गेलं की बोलणं गेलं, एवढं कळलं की अर्धी दुरुस्ती झालीच.